पावडर की नळी? आईच्या छातीतल्या पाण्याचा निर्णय आम्ही कसा घेतला

कॅन्सरमुळं छातीत पाणी व्हायला लागलं आणि काढलं तरी परत भरायला लागलं की डॉक्टर साधारण दोन रस्ते सांगतात. एक म्हणजे छातीत पावडर सोडून पाणी साठायची जागाच चिकटवून टाकायची, त्याला प्लुरोडेसिस म्हणतात, आणि दुसरा म्हणजे एक मऊ नळी बसवून घरीच पाणी काढत राहायचं, तिला आयपीसी म्हणतात. आम्हाला हे दोन्ही एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून ऐकायला मिळालं आणि दोघंही ठाम होते, त्यामुळं घरात नुसता गोंधळ. दादाचं म्हणणं पावडरच करूया कारण एकदा केलं की मिटलं, वहिनी गप्प, आणि आई म्हणायची तुम्ही ठरवा मला फक्त झोपता आलं पाहिजे.

आईला आधी ब्रेस्ट कॅन्सर होऊन ऑपरेशन, केमो, शेक सगळं झालं होतं आणि मधली काही वर्षं चांगली गेली होती. नंतर जिना चढताना दम लागायला लागला, मग अंघोळ करून आली तरी धाप, मग रात्री आडवं पडता येईना, उशांना टेकून बसूनच झोपायची. एक्सरेमध्ये उजवी बाजू जवळजवळ अर्धी पांढरी. आई दादाकडं तासगावच्या आत गावी असते, मी सांगलीत विश्रामबागला, म्हणून सगळी धावपळ सांगली-मिरजेत झाली. पहिल्यांदा सोनोग्राफीवर बघून सुईनं सव्वा लिटर पाणी काढलं, लालसर पिवळं, आणि तपासणीत त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. त्या रात्री आई किती तरी दिवसांनी आडवी झोपली. पण तीन आठवडे व्हायच्या आतच परत तीच धाप.

इथं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, ॲडमिट करा, छातीत नळी घालू, पाणी संपलं की पावडर भरू. बाकी काही बघायचं त्यांनी सुचवलं नाही. आम्ही हो म्हणायच्या बेतात होतो, पण केमोवाल्या मॅडम म्हणाल्या आधी मिरजेत एका छातीच्या डॉक्टरांना दाखवून या, आणि तिथं आमचा सगळा विचारच बदलला.

त्या सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की मागच्या वेळी पाणी काढल्यावर मावशींना किती फरक पडला? आम्ही सांगितलं खूप पडला. ते म्हणाले हे फार महत्त्वाचं, कारण दम प्रत्येक वेळी पाण्यामुळंच असतो असं नाही, कधी फुप्फुसातच आजार पसरलेला असतो, कधी रक्त कमी असतं, कधी रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असते, कधी हृदय थकलेलं असतं. पाणी काढूनही आराम पडत नसेल तर पावडर काय आणि नळी काय, दोन्हीचा उपयोग नाही, मग दमाचं खरं कारण शोधायला पाहिजे.

दुसरा प्रश्न त्यांनी आम्हाला नाही, रिपोर्टना विचारला. म्हणाले पाणी काढल्यानंतरचा एक्सरे कुठाय? तो काढलेलाच नव्हता. मग त्यांनी दुसऱ्यांदा पाणी काढलं, पण या वेळी सावकाश, आणि आईला आधीच सांगून ठेवलं की खोकला लागला किंवा छातीत आतून ओढल्यासारखं झालं की लगेच सांगायचं. एका वेळी दीड लिटरच्या वर सहसा काढत नाहीत, कारण बरेच दिवस दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यातच सूज येऊ शकते. आईच्या बाबतीत तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. आठशे मिलीच्या आसपास तिला समोरून खांद्यापर्यंत ओढ लागल्यासारखं दुखायला लागलं आणि कोरडा खोकला थांबेना, सरांनी तिथंच बंद केलं. थोड्या वेळानं एक्सरे काढला. खाली जिथं पाणी होतं तिथं फुप्फुस यायला पाहिजे होतं, ते आलंच नव्हतं, तिथं हवेची काळी पोकळी दिसत होती.

आम्ही घाबरलो की सुईनं फुप्फुस फुटलं की काय. सरांनी एक्सरे लाईटवर लावून समजावलं. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं, छातीच्या आतून दुसरं, दोन्ही एकमेकांवर घसरतात आणि मध्ये नावाला ओलावा असतो. पाणी त्या दोन पडद्यांच्या मध्ये साठतं. आईच्या फुप्फुसावरच्या पडद्यावर आजाराचा जाड थर बसला होता, सीटीत तो नंतर स्पष्ट दिसला, आणि त्यामुळं पाणी काढलं तरी फुप्फुस फुगून ती जागा भरू शकत नव्हतं. जागा रिकामी होते, आत ओढ तयार होते, म्हणून ते दुखणं. याला अडकलेलं फुप्फुस म्हणतात, ट्रॅप्ड लंग, आणि हे काही दुर्मिळ नाही, कॅन्सरचं पाणी असलेल्या दहातल्या तिघांपर्यंत हे असू शकतं.

आणि पावडरचं सगळं काम याच्यावरच अवलंबून आहे. टाल्कची पावडर आत गेली की दोन्ही पडद्यांना मुद्दाम सूज येते आणि त्या सुजेत ते एकमेकांना चिकटतात, मध्ये पाणी साठायला जागा उरत नाही. पण दोन फळ्या डिंकानं चिकटवायच्या तर त्या आधी एकमेकीला टेकायला पाहिजेत. आईचं फुप्फुस छातीला टेकतच नव्हतं. म्हणजे पावडर केली असती तर नळी, ॲडमिशन, दुखणं, ताप सगळं झालं असतं आणि पाणी परत आलं असतं ते आलंच असतं. नुसत्या एका एक्सरेनं हे कळलं, म्हणून मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते की पाणी काढल्यानंतरचा एक्सरे किंवा सोनोग्राफी झाल्याशिवाय पावडरला हो म्हणू नका.

दादानं विचारलं, मग फुप्फुस उघडत नाही तर नळी लावून तरी काय फायदा? मलाही तेच वाटत होतं. सर म्हणाले दम फक्त फुप्फुस दबल्यामुळं लागत नाही, पाण्याच्या वजनानं खालचा श्वासपटल खाली दबतो, कधी उलटासुद्धा होतो, आणि मग श्वास घ्यायला जोरच मिळत नाही. पाणी कमी केलं की तो परत हलायला लागतो, म्हणून फुप्फुस अर्धंच उघडलं तरी आराम पडतो. आईला पडलाच होता.

आता दुसरी बाजूपण सांगते, कारण पावडर वाईट असं कुणी समजू नये. आईच्या शेजारच्या बेडवर जतकडचे एक काका होते, फुप्फुसाचा कॅन्सर, डाव्या बाजूला पाणी. त्यांचं पाणी काढल्यावर एक्सरेत फुप्फुस वरपासून खालपर्यंत छातीला लागलेलं. त्यांच्या घरी फक्त काकू, मुलगा पुण्याला, घरी नळीची देखभाल करणारं कुणी नाही, आणि काकांना अंगाला काहीतरी लटकलेलं नकोच होतं. त्यांच्यासाठी पावडरच बरोबर होती. छातीत नळी घालून पाणी उतरवलं, एक्सरेनं खात्री केली, मग आधी भूल देणारं औषध आत सोडलं आणि नंतर चार ग्रॅम टाल्क सलाईनमध्ये कालवून नळीतूनच आत, नळी तासभर बंद ठेवली आणि परत उघडली. त्या रात्री काकांना चांगलंच दुखलं आणि ताप आला, तो त्या सुजेचाच भाग असतो असं सिस्टर सांगून गेल्या, पेनकिलर चालू होत्या. पाणी यायचं कमी झाल्यावर नळी काढली, आठवडाभरात घरी. काकूंचा नंतर फोन आला तेव्हा पाणी परत भरलेलं नव्हतं. काही ठिकाणी टाल्कऐवजी बीटाडीनचं द्रावण वापरतात, ते स्वस्त आणि सहज मिळणारं, आपल्याकडं बरंच चालतं.

पण एकदा केलं की मिटलं हे काही खरं नाही. दुर्बिणीतून पावडर फवारायची की नळीतून कालवून सोडायची यावर इंग्लंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, त्यात दोन्ही पद्धतींत तीन महिन्यांत साधारण चार-पाचांतल्या एकाचं फसलं होतं, दुर्बिणीवाल्यांचं २२ टक्के आणि नळीवाल्यांचं २४, म्हणजे फरक नाहीच. याचा व्यवहारातला अर्थ असा की आजाराचं निदान आधीच पक्कं असेल तर निव्वळ पावडरसाठी महागडी दुर्बीण करायलाच पाहिजे असं नाही.

मी सरांना विचारलं की समजा आईचं फुप्फुस उघडलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? त्यांनी सांगितलं की मग दोन्ही रस्ते खुले, आणि दम कमी होण्यात, रोजच्या जगण्यात दोन्हीत मोठा फरक दिसत नाही. ऑस्ट्रेलिया, सिंगापूर वगैरे देशांत मिळून झालेला २०१७ चा अभ्यास त्यांनी सांगितला, त्यात पुढच्या वर्षभरात नळीवाल्यांचे हॉस्पिटलातले दिवस १० आणि पावडरवाल्यांचे १२, म्हणजे फार नाही, पण पाण्यासाठी परत काहीतरी करावं लागलं ते पावडरवाल्यांत २२ टक्के लोकांना आणि नळीवाल्यांत फक्त ४ टक्के. उलट नळीच्या स्वतःच्या कटकटी असतात, इन्फेक्शन, अडकणं, ड्रेसिंग, खर्च. म्हणून ते म्हणाले की अशा वेळी मी घर बघतो. पेशंटला काय नको आहे, घरी हात स्वच्छ ठेवून शांतपणे काम करणारं कोण आहे, बाटल्यांचा महिन्याचा खर्च झेपेल का, आणि पेशंटची तब्येत किती तग धरेल. अगदी शेवटच्या काही आठवड्यांची गोष्ट असेल तर दोन्हीपैकी काहीच करत नाही, लागेल तसं सुईनं काढतो. आणि एक मधला रस्तापण आहे जो आम्हाला माहीतच नव्हता, फुप्फुस उघडत असेल तर आधी ही घरची नळी बसवायची आणि मग ॲडमिट न करता त्याच नळीतून टाल्क सोडायचं. २०१८ च्या एका अभ्यासात असं केलेल्यांपैकी पाच आठवड्यांत ४३ टक्के लोकांचं चिकटलं, नुसती नळी असलेल्यांचं २३ टक्के.

आमच्याकडं घर म्हणजे वहिनी. ती गप्प होती ते नको म्हणून नव्हे, तर सगळं आपल्यावर येणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं म्हणून. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, अहो ताई, करीन मी, पण मला कुणीतरी नीट शिकवा, आणि द्राक्षाच्या फवारणीच्या दिवसांत घरात माणसांची ये-जा असते तेव्हा दुसरं कोणीतरी पाहिजे. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. सरांनी नळी बसवायच्या आधी तिला बोलावून घेतलं, डमीवर करायला लावलं, आणि दादालापण शिकवलं. घरात दोघांना यायलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता आणि तो पुढं फार कामाला आला.

नळी बसवायला मोठं ऑपरेशन लागत नाही. जागेवरची भूल, सोनोग्राफीवर जागा बघितली, दोन छोटे काप, आणि नळी काही सेंटिमीटर कातडीच्या खालून सरकवत नेऊन मग छातीत. कातडीखालच्या भागात नळीला एक कापडासारखी पट्टी असते, काही आठवड्यांत तिच्याभोवती मांस धरतं, त्यामुळं नळी घट्ट बसते आणि बाहेरचे जंतू आत जायला अडथळा होतो. साधी पिगटेल नळी स्वस्त असते आणि कुणीकुणी तीच घेऊन घरी जातात, पण तिला ही पट्टी नसते, ती निसटते, बुजते, आणि दिवस वाढले की इन्फेक्शनची भीती वाढते, थोड्या दिवसांसाठी ठीक आहे, महिन्यांसाठी नाही. आईची नळी बाहेर वीतभर, टोकाला एकाच दिशेनं उघडणारी झडप, त्यामुळं जोडल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही आणि हवा आत जात नाही. आई संध्याकाळी घरी आली.

खर्चाचं आधीच विचारा. नळी महाग असतेच, पण नंतर आत ओढ असलेल्या ज्या बाटल्या लागतात त्यांचा खर्च चालूच राहतो. आम्हाला सरांनी सांगितलं की बाटली परवडत नसेल तर झडपेला बसणारा जोड घेऊन पिशवी लावता येते, पिशवी खाली ठेवली की पाणी आपोआप उतरतं, वेळ जास्त लागतो एवढंच. आईच्या बाबतीत हे उलट बरं पडलं, कारण बाटलीच्या ओढीनं तिला जास्त दुखायचं.

घरी करताना वहिनी आधी पंखा बंद करते, हात साबणानं कोपरापर्यंत धुते, स्वच्छ कापड पसरते, ग्लोव्हज घालते. झडपेचं टोपण काढून स्पिरिटच्या स्वॅबनं पुसायचं, जोड लावायचा, क्लिप सावकाश उघडायची. आईला ओढ लागली किंवा खोकला आला की क्लिप बंद, आत पाणी उरलं तरी चालेल. एका वेळी लिटरच्या वर कधीच नाही. मग परत पुसून नवीन टोपण, नळी फोमवर गुंडाळून वर पारदर्शक चिकटपट्टी. वहीत तारीख, किती मिली, रंग, आणि आईला किती बरं वाटलं. ही वही प्रत्येक वेळी सर आधी मागतात. अंघोळ पट्टी झाकून चालते, पट्टी भिजली तर लगेच बदलायची.

रोज काढायचं की लागेल तेव्हा, हा प्रश्नसुद्धा परत फुप्फुसावरच येऊन थांबतो. रोज काढलं तर दम काही जास्त कमी होत नाही, पण पडदे आपोआप चिकटून नळी निघायची शक्यता वाढते, एका अभ्यासात सहा महिन्यांत रोज काढणाऱ्यांचं ४४ टक्के आणि लागेल तसं काढणाऱ्यांचं १६ टक्के चिकटलं होतं. पण त्यात फुप्फुस उघडायला पाहिजे. आईचं उघडत नसल्यानं रोज ओढून फक्त दुखणं आणि खर्च वाढला असता, म्हणून सरांनी आम्हाला दम जाणवायला लागला की काढा असं सांगितलं, ते साधारण दिवसाआड, नंतर तिसऱ्या दिवशी असं झालं.

एक वेळ मात्र आम्ही सगळे घाबरलो. दर वेळी तीनशे-चारशे मिली येणारं पाणी अचानक वीस-तीस मिलीवर आलं. दादा खूश, म्हणाला संपलं बघ. पण आई परत उशा लावून बसायला लागली होती, आणि वहिनीनं वहीत ते लिहून ठेवलं होतं. तिनंच सरांना फोन लावला. ओळखायची खूण हीच आहे, पाणी येत नाही आणि माणूस आरामात आहे तर बहुतेक खरंच कमी झालं, पण पाणी येत नाही आणि दम वाढतोय तर नळी बुजली किंवा आत पाण्याचे कप्पे झाले. सोनोग्राफीत पाणी भरपूर होतं. सरांनी निर्जंतुक सलाईननं नळी धुतली, आतून पांढरट चिकट धागा निघाला आणि पाणी सुरू झालं. धुवूनही झालं नसतं तर कप्पे विरघळवणारं औषध नळीतून द्यायचा त्यांचा विचार होता. हे धुणं घरी कधीही करू नये, बाहेरचे जंतू थेट आत जातात.

इन्फेक्शनची भीती सगळ्यांना असते, नळीवाल्या शंभरातल्या पाचांपेक्षा कमी जणांना ते होतं. ताप, नळीभोवती लाली आणि दुखणं, पाणी गढूळ किंवा वास येणारं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवायचं. पुष्कळदा नळी न काढता अँटिबायोटिकवर भागतं, उलट तीच नळी घाण बाहेर काढायला उपयोगी पडते. केमो चालू असताना नळी चालते का हाही प्रश्न आम्हाला होता, चालते, आईची केमो एकदाही नळीमुळं थांबली नाही. केमोनंतर पेशी कमी होतात त्या दिवसांत वहिनी मास्क लावून करते एवढंच.

आमच्या सांगलीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी वाढलं की रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, २०१९ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. नळी घरी असेल तर जूनमध्येच पिशव्या, ड्रेसिंग, टोपणं, ग्लोव्हज पुरेसे आणून ठेवायचे. आम्ही तसं केलं आणि मी अडकले असताना गावाकडं काही अडलं नाही.

सध्या आईचं पाणी आठवड्यातून दोनदा, दीडशे मिलीच्या आसपास येतं. लागोपाठ तीन वेळा पन्नासच्या आत आलं, दम नसला आणि सोनोग्राफीत आत पाणी दिसलं नाही तर नळी काढता येईल असं सर म्हणालेत, पण अडकलेल्या फुप्फुसात ते होईलच असं नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय. आईला त्याची घाई नाही. ती आडवी झोपते, सकाळी अंगणात भाजी निवडत बसते, आणि नळी काढायचा विषय निघाला की म्हणते असू दे, रात्री झोप लागतीय ना.